वरिष्ठांचे व्यवस्थापन

वरिष्ठांचे व्यवस्थापन (प्रचलित नाव: मॅनेजिंग अप) ही व्यवस्थापनशास्त्रातील एक संकल्पना आहे. आपल्या थेट वरिष्ठाची उद्दिष्टे, त्याच्यावरील दडपणे आणि त्याची काम करण्याची पद्धत समजून घेणे व त्यानुसार त्याच्याशी होणारा कामकाजाचा व्यवहार जाणीवपूर्वक घडवणे, असा तिचा अर्थ आहे. नावात 'व्यवस्थापन' हा शब्द असला तरी वरिष्ठावर नियंत्रण मिळवणे किंवा त्याची मर्जी संपादन करणे तिच्यात अभिप्रेत नाही. कनिष्ठाकडील माहिती वरिष्ठाला वेळेवर, वापरता येईल अशा स्वरूपात मिळावी आणि तिच्या आधारे त्याला निर्णय घेता यावा, हा तिचा गाभा आहे. या संकल्पनेचा दैनंदिन कामात सर्वाधिक वापर कामाच्या प्रगतीची माहिती देताना होतो. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे याच अंगाचा विचार केला आहे.

## उगम

हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील प्राध्यापक जॉन गाबारो आणि जॉन कॉटर यांनी 'मॅनेजिंग युवर बॉस' हा लेख 1980 साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. या संकल्पनेची पद्धतशीर मांडणी त्या लेखामुळे रूढ झाली. वरिष्ठ आणि कनिष्ठ हे परस्परांवर अवलंबून असतात, हे या मांडणीचे मूळ गृहीतक आहे. कनिष्ठाला साधने, अग्रक्रम आणि संस्थेच्या इतर भागांशी संपर्क वरिष्ठाकडून मिळतो. वरिष्ठाला सहकार्य, विश्वासार्हता आणि प्रत्यक्ष कामावरील खरी माहिती कनिष्ठाकडून मिळते. त्यामुळे हे नाते सुरळीत ठेवण्याची जबाबदारी केवळ वरिष्ठाची नसून कनिष्ठाचीही आहे, असे या लेखकांचे प्रतिपादन होते.

कनिष्ठाने वरिष्ठाबरोबरच स्वतःलाही ओळखले पाहिजे, यावर गाबारो आणि कॉटर यांनी भर दिला. काही माणसांना वरिष्ठाचा प्रत्येक निर्णय अडथळा वाटतो व ती प्रत्येक वेळी विरोध करतात. काही माणसे वरिष्ठ सर्वज्ञ आहे असे समजून स्वतःचे मत गिळून टाकतात. दोन्ही प्रवृत्तींमध्ये वरिष्ठ हाही मर्यादित वेळ आणि अपुरी माहिती असलेला माणूस आहे, ही गोष्ट नजरेआड होते.

## वाचक आणि श्रोता

वरिष्ठांच्या कार्यपद्धतीतील सर्वांत परिचित भेद व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी मांडला. त्यांच्या मते माणसे माहिती ग्रहण करताना प्रामुख्याने 'वाचक' तरी असतात किंवा 'श्रोते' तरी. वाचकाला विषय आधी कागदावर हवा असतो. तो एकट्याने वाचून, विचार करून मग चर्चेला बसतो. श्रोत्याला विषय माणसाच्या तोंडून ऐकायचा असतो. प्रश्न विचारत, मध्येच थांबवत तो विषय समजून घेतो आणि लेखी टिपणाचा उपयोग नंतर आठवणीसाठी करतो.

या भेदाचे उदाहरण म्हणून ड्रकर यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांचा दाखला दिला. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील दोस्त सैन्याचे सरसेनापती असताना आयझेनहॉवर यांच्या पत्रकार परिषदा नेमक्या उत्तरांसाठी नावाजल्या गेल्या. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मात्र त्यांची उत्तरे भरकटतात, अशी टीका पत्रकार करू लागले. ड्रकर यांच्या म्हणण्यानुसार, सेनापती असताना त्यांचे सहायक पत्रकारांचे प्रश्न किमान अर्धा तास आधी लेखी मागवून त्यांच्यापुढे ठेवत असत. राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी आपल्या आधीच्या फ्रँकलिन रूझवेल्ट आणि हॅरी ट्रुमन या दोन श्रोत्यांची खुल्या प्रश्नोत्तरांची पद्धत पुढे चालवली. आयझेनहॉवर वाचक होते. माणूस तोच होता, परंतु माहिती त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट बदलली होती.

गाबारो आणि कॉटर यांनी याला आणखी एक भेद जोडला. काही वरिष्ठांना काम चालू असताना त्यात सहभागी व्हायचे असते. त्यांना किरकोळ घडामोडीही समजलेल्या आवडतात. काही वरिष्ठ काम सोपवून मोकळे होतात व केवळ मोठा बदल किंवा मोठी अडचण यांचीच वर्दी अपेक्षितात. पहिल्या प्रकारच्या वरिष्ठाला स्वतःहून वरचेवर माहिती दिली नाही, तर तो ती मिळवण्यासाठी कामात शिरतो. दुसऱ्या प्रकारच्या वरिष्ठाला तितकीच माहिती दिली, तर महत्त्वाची बाब त्या गर्दीत हरवते.

## प्रेसिडेंट्स डेली ब्रीफ

वरिष्ठाच्या पद्धतीनुसार माहितीचे स्वरूप बदलण्याचे एक तपशीलवार नोंदलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना दररोज दिला जाणारा गुप्तवार्तांचा सारांश होय. सेंट्रल इंटेलिजन्स एजन्सी (सीआयए) या संस्थेने तो प्रत्येक राष्ट्राध्यक्षासाठी वेगळ्या रीतीने घडवला.

जॉन केनेडी यांच्याकडे 1961 च्या सुरुवातीला वेगवेगळ्या संस्थांची अनेक गुप्तवार्ता पत्रके येत असत आणि त्यांतील बरीचशी न वाचता राहत. एप्रिल 1961 मध्ये क्यूबातील 'बे ऑफ पिग्ज' मोहीम फसल्यानंतर त्यांचे लष्करी सहायक चेस्टर क्लिफ्टन यांनी सीआयएकडे वेगळ्या प्रकारच्या पत्रकाची मागणी केली. राष्ट्राध्यक्षांच्या खिशात मावेल इतके लहान, सर्व विषय एकत्र देणारे आणि सरकारी बोजड भाषा टाळणारे पत्रक त्यांना हवे होते. सीआयएचे अधिकारी रिचर्ड लेहमन यांनी ते तयार केले. 'प्रेसिडेंट्स इंटेलिजन्स चेकलिस्ट' नावाच्या या पत्रकाचा पहिला अंक 17 जून 1961 रोजी केनेडी यांना व्हर्जिनियातील त्यांच्या मुक्कामी देण्यात आला. केनेडी वाचक होते आणि हे पत्रक त्यांच्या पसंतीस उतरले.

नोव्हेंबर 1963 मध्ये केनेडी यांची हत्या झाल्यावर लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. उपराष्ट्राध्यक्ष असताना त्यांना हे पत्रक मिळत नव्हते. केनेडी यांच्या सवयींना बेतलेल्या या पत्रकात त्यांना रस वाटला नाही. सीआयएने प्रथम आठवड्यातून दोनदा निघणारा वेगळा आढावा देऊन पाहिला. त्यानंतर 1 डिसेंबर 1964 पासून 'प्रेसिडेंट्स डेली ब्रीफ' या नव्या नावाचे व स्वरूपाचे पत्रक सुरू झाले. जॉन्सन रात्री उशिरा अंथरुणात कागदपत्रे वाचत असत. म्हणून ते सकाळऐवजी दिवस सरताना त्यांच्याकडे जाऊ लागले. ड्रकर यांनी जॉन्सन यांची गणना श्रोत्यांमध्ये केली होती. तरीही वेळ आणि मांडणी त्यांच्या दिनक्रमाशी जुळल्यावर लेखी पत्रकाला त्यांच्याकडे जागा मिळाली. यावरून 'वाचक' व 'श्रोता' हे भेद उपयुक्त असले तरी पुरेसे नाहीत आणि माहिती कोणत्या वेळी पोहोचते हाही कार्यपद्धतीचाच भाग आहे, असे दिसते.

रिचर्ड निक्सन यांच्या बाबतीत मात्र हा प्रयत्न तोकडा पडला. निवडून आल्यानंतर पदग्रहणापूर्वीच्या काळात त्यांच्यासाठी पाठवलेली पत्रके बंद पाकिटांतच परत आली. पुढे वकिली पेशातील निक्सन यांना सोयीचे व्हावे म्हणून लांब आकाराच्या कागदावर, दोन ओळींत जास्त अंतर सोडून आणि वस्तुस्थिती व भाष्य वेगवेगळे ठेवून मांडणी करण्यात आली. परंतु निक्सन यांचा सीआयएवर फारसा विश्वास नव्हता आणि त्यांच्यापर्यंत काय पोहोचावे हे मुख्यत्वे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर ठरवत असत. मांडणी बदलून अविश्वास दूर होत नाही, ही या पद्धतीची मर्यादा त्यातून स्पष्ट झाली.

## कार्यपद्धती ओळखणे

वरिष्ठाची कार्यपद्धती बहुधा त्याच्या बोलण्यापेक्षा वागण्यावरून अधिक अचूक कळते. अनेक वरिष्ठ 'थोडक्यात लिहून पाठवा' असे सांगतात, परंतु कागद हाती आल्यावर न वाचताच 'काय आहे यात?' असे विचारतात. असा वरिष्ठ श्रोता असण्याची शक्यता अधिक असते. याउलट, बैठकीत फारसे न बोलता दुसऱ्या दिवशी टिपणाच्या समासात प्रश्न लिहून परत पाठवणारा वरिष्ठ वाचक असतो.

वरिष्ठाचा पहिला प्रश्न कोणता असतो, याची नोंद ठेवणे विशेष उपयोगी ठरते. सलग चार-पाच आढावा बैठकांत कोणी सर्वप्रथम तारीख विचारतो, कोणी खर्च, तर कोणी 'हरकत कोणाची आहे?' असे विचारतो. हा प्रश्न पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या वरिष्ठाकडून त्याला विचारला जाणारा प्रश्न असतो. म्हणून आपण दिलेली माहिती पुढे कोठे जाते, कोणत्या बैठकीत वापरली जाते आणि ती बैठक कोणत्या दिवशी असते, हे कनिष्ठाला ठाऊक असावे लागते. सोमवारी सकाळी वरच्या बैठकीत उत्तर द्यावे लागणाऱ्या वरिष्ठाला सोमवारी दुपारी मिळालेला अहवाल कितीही उत्तम असला तरी निरुपयोगी असतो.

निरीक्षणाला थेट विचारणेची जोड द्यावी लागते. मात्र 'आपल्याला अहवाल कसा हवा?' या मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळते. त्याऐवजी 'तारीख किती दिवसांनी पुढे जाणार असेल तर त्याच दिवशी कळवू?' किंवा 'किती रकमेपर्यंतचा फरक साप्ताहिक अहवालात आला तरी चालेल?' असे प्रश्न विचारल्यास सीमा ठरते. वरिष्ठाच्या कार्यालयातील स्वीय सहायक आणि त्याच्या हाताखाली पूर्वी काम केलेले सहकारी यांच्याकडूनही त्याची वेळ, सवयी व नावडी समजतात.

जमवलेला अंदाज चुकत असल्यास त्याची लक्षणे दिसू लागतात. पाठवलेली माहिती वरिष्ठ पुन्हा तोंडी विचारतो, कनिष्ठाला वगळून त्याच्या हाताखालील व्यक्तीला परस्पर फोन करतो, बारीकसारीक तपशिलांची मागणी एकाएकी वाढते, किंवा कामातील अडचण त्याला तिसऱ्याच व्यक्तीकडून कळते. यांपैकी काहीही घडले, तर माहिती चुकीच्या वेळी, चुकीच्या स्वरूपात किंवा अपुरी जात आहे, असा त्याचा अर्थ घेतला जातो.

## प्रगतीची माहिती मांडणे

प्रगतीच्या माहितीत चार गोष्टी असणे आवश्यक मानले जाते: ठरलेले उद्दिष्ट गाठले जाईल की नाही, मागील माहितीनंतर काय बदलले, पुढे कोणता धोका आहे आणि वरिष्ठाकडून काय अपेक्षित आहे. केलेल्या कामांची जंत्री यांत येत नाही. ती कनिष्ठाच्या श्रमांचा पुरावा असते, परंतु वरिष्ठाच्या प्रश्नाचे उत्तर नसते.

निष्कर्ष आधी आणि कारणे नंतर, हा क्रम सर्वसाधारणपणे शिफारस केला जातो. अमेरिकी लष्कराच्या पत्रव्यवहाराच्या नियमांतही मुख्य मुद्दा सुरुवातीस मांडण्याचा संकेत आहे. ब्रिटिश पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी 9 ऑगस्ट 1940 रोजी काढलेल्या टिपणात, अहवालांत मुख्य मुद्दे लहान परिच्छेदांत द्यावेत आणि गुंतागुंतीचे तपशील व आकडे परिशिष्टात टाकावेत, अशी सूचना केली होती. येथे वरिष्ठाने स्वतःच आपली पद्धत लेखी जाहीर केली होती. बहुतेक कार्यालयांत मात्र असे टिपण निघत नाही आणि कनिष्ठाला ते अनुमानाने जाणावे लागते.

आशय कायम ठेवून स्वरूप बदलणे, हे या पद्धतीचे सूत्र आहे. वाचक वरिष्ठासाठी टिपण बैठकीच्या आदल्या दिवशी जाते व बैठक केवळ निर्णयासाठी राहते. श्रोता वरिष्ठाला प्रथम दोन-तीन मिनिटांत तोंडी कल्पना दिली जाते आणि झालेला निर्णय त्याच दिवशी लेखी नोंदवला जातो. ही नोंद वगळल्यास पुढे 'असे ठरलेच नव्हते' हा वाद उद्भवतो. सहभागी होणाऱ्या वरिष्ठासाठी माहितीची वारंवारता वाढते. काम सोपवणाऱ्या वरिष्ठासाठी ती कमी होते, पण ठरलेली सीमा ओलांडताच तत्काळ वर्दी जाते.

## उदाहरण

पुढील काल्पनिक उदाहरणावरून ही प्रक्रिया स्पष्ट होते. एका पाणीपुरवठा योजनेत 12 किलोमीटर लांबीची मुख्य जलवाहिनी 16 आठवड्यांत पूर्ण करायची आहे. त्यांपैकी पहिले 14 आठवडे नळ टाकण्यासाठी आणि शेवटचे 2 आठवडे दाब-चाचणीसाठी राखलेले आहेत. एका ठिकाणी वाहिनी रेल्वेच्या रुळांखालून न्यायची आहे. त्यासाठी रेल्वेची परवानगी लागते आणि ती मिळाल्यापासून हे काम 3 आठवड्यांचे आहे. दहावा आठवडा संपताना 9 किलोमीटर नळ टाकून झाले आहेत. नियोजनानुसार ते सुमारे 8.6 किलोमीटर अपेक्षित होते. परवानगी अद्याप आलेली नाही.

उपअभियंत्याने कार्यकारी अभियंत्याला पाठवलेल्या पहिल्या मसुद्यात पुढील मजकूर आहे: 'जलवाहिनीचे काम 75 टक्के पूर्ण झाले असून प्रगती समाधानकारक आहे. रेल्वे परवानगीबाबत पाठपुरावा सुरू आहे.' यातील प्रत्येक वाक्य खरे आहे, तरीही अहवाल दिशाभूल करणारा आहे. नळ टाकण्याचे काम नियोजनाच्या पुढे असले तरी योजनेची तारीख त्यावर अवलंबून उरलेली नाही. परवानगी अकराव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत आली, तरच रुळांखालील काम चौदाव्या आठवड्यात संपेल आणि चाचणी वेळेत होईल. त्यानंतरचा परवानगीचा प्रत्येक आठवड्याचा विलंब संपूर्ण योजनेचा तितकाच विलंब ठरतो. ही गोष्ट 'पाठपुरावा सुरू आहे' या तीन शब्दांत दडून गेली आहे.

उपअभियंता यावर उपायही सुचवू शकतो. रुळांच्या अलीकडे तात्पुरते झाकण बसवून पूर्ण झालेल्या भागाची चाचणी आधीच उरकली, तर शेवटच्या चाचणीला 2 ऐवजी 1 आठवडा पुरेल. त्यामुळे परवानगी बाराव्या आठवड्याच्या अखेरीस आली तरी तारीख टिकेल. थोडक्यात, 1 आठवड्याची सवलत मिळेल, त्याहून अधिक नाही.

कार्यकारी अभियंता वाचक असल्यास सुधारित टिपण पुढीलप्रमाणे होते:

> विषय: मुख्य जलवाहिनी – रेल्वे परवानगीअभावी मुदत धोक्यात.
>
> रेल्वेची परवानगी पुढील शुक्रवारपर्यंत न मिळाल्यास योजना 16 आठवड्यांत पूर्ण होणार नाही. त्यानंतर जितके आठवडे विलंब, तितकेच आठवडे मुदत पुढे जाईल. नळ टाकण्याचे काम 9 किमी झाले असून त्यामुळे अडचण नाही.
>
> विनंती: 1) रेल्वेच्या विभागीय कार्यालयाशी आपल्या स्तरावरून या आठवड्यात बोलणे व्हावे. 2) पूर्ण झालेल्या भागाची चाचणी आधी घेण्यास मान्यता मिळावी. यामुळे 1 आठवडा वाचेल. पत्रव्यवहाराचा तारीखवार गोषवारा सोबत जोडला आहे.

तोच वरिष्ठ श्रोता असल्यास उपअभियंता सकाळी कामे सुरू होण्यापूर्वी त्याला भेटतो किंवा फोन करतो आणि म्हणतो: 'साहेब, जलवाहिनीची तारीख धोक्यात आहे. नळांचं काम पुढे आहे, अडलंय ते रेल्वेच्या परवानगीवर. पुढच्या शुक्रवारपर्यंत ती आली नाही, तर मुदत हुकते. आपण विभागीय कार्यालयात एक फोन केलात तर बरं होईल, आणि झालेल्या भागाची चाचणी मी आधी उरकू का?' येथे तो थांबतो. साहेबांचे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे दिली जातात. जो निर्णय होईल तो सायंकाळपर्यंत चार ओळींच्या टिपणाने नस्तीत नोंदवला जातो.

दोन्ही वेळी निष्कर्ष, तारीख, कारण आणि विनंती एकच आहे. फरक क्रमात, माध्यमात व वेळेत आहे. वरिष्ठाचा पहिला प्रश्न सामान्यतः खर्चाचा असेल, तर आधी चाचणी घेण्याचा जादा खर्च पहिल्याच परिच्छेदात येतो. वरिष्ठ काम सोपवून मोकळा होणारा असेल, तर 9 किलोमीटरचा उल्लेखही गाळता येतो. धोक्याचे वाक्य मात्र कोणत्याही स्वरूपात गाळता येत नाही.

या उदाहरणात खरी चूक दहाव्या आठवड्याच्याही आधीची असू शकते. परवानगी कोणत्या तारखेनंतर मुदतीच्या आड येईल, हे पहिल्याच आठवड्यात काढता आले असते. ती तारीख वरिष्ठाला सुरुवातीस सांगितलेली असती, तर दर आठवड्याला केवळ 'उरलेले दिवस' कळवणे पुरले असते.

## अपयशाची कारणे

वाईट बातमी सांगण्याची टाळाटाळ हे या पद्धतीच्या अपयशाचे प्रमुख कारण मानले जाते. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी 1970 साली केलेल्या प्रयोगांत, माणसे चांगली बातमी ज्या तत्परतेने पोहोचवतात त्या तत्परतेने वाईट बातमी पोहोचवत नाहीत, असे दाखवले. ही प्रवृत्ती 'मम इफेक्ट' या नावाने ओळखली जाते. अनेक पायऱ्यांच्या संस्थेत प्रत्येक पायरीवर शब्द थोडे सौम्य होत जातात. स्थळावरील 'अडले आहे' हे वर जाताना 'विलंब संभवतो', मग 'पाठपुरावा सुरू' आणि शेवटी 'समाधानकारक' होते. प्रकल्प-व्यवस्थापनात अशा अहवालांना कलिंगडाची उपमा दिली जाते, कारण त्यांचा बाहेरचा रंग हिरवा असतो आणि आतला लाल.

दुसरे कारण म्हणजे रूढ साच्यात मुद्दा दबणे. अमेरिकेच्या कोलंबिया अंतराळयानाची दुर्घटना हे त्याचे बहुचर्चित उदाहरण आहे. 16 जानेवारी 2003 रोजी उड्डाण करताना बाह्य इंधनटाकीवरील फोमचा तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला. अभियंत्यांनी केलेले विश्लेषण व्यवस्थापकांपुढे सादरीकरणाच्या स्लाइड्समधून मांडले गेले. त्यांतील एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. आदळलेला तुकडा उपलब्ध चाचण्यांतील तुकड्यांपेक्षा कित्येक पटींनी मोठा होता, म्हणजे त्या चाचण्यांचे निष्कर्ष येथे लागू करणे धोक्याचे होते. ही बाब मात्र त्याच स्लाइडच्या तळाशी, सर्वांत लहान उपमुद्द्यात होती. 1 फेब्रुवारी 2003 रोजी पृथ्वीवर परतताना यान नष्ट झाले आणि भारतात जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. दुर्घटनेच्या चौकशी मंडळाने तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइड्सवर विसंबण्याच्या सवयीवर टीका केली आणि संख्याशास्त्रीय मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेले या स्लाइडचे विश्लेषण आपल्या अहवालात समाविष्ट केले. दुर्घटनेची कारणे अनेक होती. तथापि, व्यवस्थापकांच्या सवयीच्या साच्यात माहिती बसवताना तिच्यातील अनिश्चितता कशी झाकली जाते, हे या प्रकरणातून दिसून आले.

## मर्यादा आणि टीका

ही संकल्पना जबाबदारीचे ओझे दुर्बळ बाजूवर टाकते, असा आक्षेप घेतला जातो. वरिष्ठाने आपली अपेक्षा स्पष्ट सांगण्याऐवजी कनिष्ठाने ती ओळखत बसावे, यात वेळ आणि शक्ती दोन्ही खर्च होतात. वरिष्ठ वारंवार बदलत असतील, तर हा खर्च दर वेळी नव्याने करावा लागतो. शासकीय सेवेत बदल्यांमुळे ही परिस्थिती नेहमीची आहे.

जुळवून घेणे आणि खुशामत यांतील सीमारेषा पुसट होण्याचा धोकाही दाखवला जातो. ही सीमा तपासण्याचा एक निकष असा आहे, की स्वरूप बदलल्यावर वरिष्ठाचा निर्णय अधिक अचूक होत असेल, तर ते जुळवून घेणे आहे. वरिष्ठाला बरे वाटावे म्हणून आशयच बदलत असेल, तर ती खुशामत किंवा फसवणूक आहे. वरिष्ठ खोटी आकडेवारी मागत असेल, सुरक्षेचा प्रश्न दडपत असेल किंवा अपमानास्पद वागत असेल, तर मांडणीतील कोणताही बदल उपयोगी पडत नाही. अशा वेळी लेखी नोंद ठेवणे आणि संस्थेतील तक्रार किंवा दक्षता यंत्रणेकडे जाणे, हे मार्ग उरतात.

## हे सुद्धा पहा

* व्यवस्थापनशास्त्र
* पीटर ड्रकर
* प्रकल्प व्यवस्थापन
* संघटनात्मक वर्तन
* कोलंबिया अंतराळयान दुर्घटना